पाच कोपऱ्यांचं वावर टेपने मोजलं

लातूरकडच्या आमच्या शिवारात ओढ्याकाठच्या तुकड्याला सगळे ‘एकराचं वावर’ म्हणतात. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, सगळ्याचे पैसे एकराच्या हिशेबाने जातात आणि सोयाबीनचं बी एकराचं म्हणून ३० किलो पडतं. सातबाऱ्यावरून उलगडा होत नाही, कारण तिथला आकडा सगळ्या गटाचा आहे. पीक दरवर्षी दाट यायचं, ओळी मिटल्या की आत वारा खेळायचा नाही. म्हणून यंदा नांगरटीआधी, रान सपाट असतानाच, मोजायला घेतलं. ढेकळं निघाल्यावर टेप सरळ बसत नाही.

बहुतेक जण चारी बांध मोजतात, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि गुणाकार करतात. त्यात खोट आहे. चार काठ्यांची चौकट खिळ्यांवर तिरपी दाबा; काठ्या तेवढ्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. म्हणजे नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरतच नाही. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. तीन बाजू कळल्या की क्षेत्र पक्कं.

पाच कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या आणि अ, ब, क, ड, इ अशी नावं दिली. अ म्हणजे विहिरीकडचा कोपरा. तिथून क आणि ड कडे दोरी ताणली, तसे तीन त्रिकोण पडले. टेप ५० मीटरचा असल्याने लांब अंतरासाठी दोरीच्या रेषेत मधे एक खुंटी घेतली. एक टोक थोरल्या मुलीकडे, एक माझ्याकडे. उताराला तिचं लक्ष होतं. “बाबा, तुमचं टोक खाली गेलंय, वर घ्या,” ती म्हणायची. टेप उतारावर टेकवून धरला की अंतर जास्त भरतं. तो आडवा, समपातळीत धरायचा आणि उंच राहिलेल्या टोकाखाली ओळंबा सोडायचा.

पहिल्या त्रिकोणाच्या बाजू ५२, ५६ आणि ६१ मीटर भरल्या. बेरीज १६९, तिची निम्मी ८४.५. या निम्म्यातून एकेक बाजू वजा केली: ३२.५, २८.५ आणि २३.५. हे तिन्ही आकडे आणि ८४.५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं, आलं १३५६ चौरस मीटर. शाळेत शिकवतात तेच हे हेरॉनचं सूत्र, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सहज होतं. दुसरा त्रिकोण ६१, ३८, ५७ चा, तो १०५५ भरला. तिसरा ५७, ३४, ४१ चा, तो ६८९. एकूण ३१००.

क ते ड ही ओढ्याची बाजू सरळ नाही, बांध दोरीच्या बाहेर फुगलेला आहे. तिथे ३८ मीटरच्या दोरीचे साडेनऊ मीटरचे चार भाग केले आणि मधल्या तीन खुणांपासून बांधापर्यंत काटकोनात अंतर घेतलं: ३, ४.५ आणि २.५ मीटर. त्यांची बेरीज १०, गुणिले ९.५, म्हणजे आणखी ९५ चौरस मीटर. सगळं मिळून ३१९५. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. भागाकार केला तर जेमतेम साडेएकतीस गुंठे! एकराला लागतात ४० गुंठे.

एवढा फरक दिसल्यावर ताळा हवाच. आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटरला ५ मीटर धरून, कंपासने कमानी मारत तिन्ही त्रिकोण काढले. मग ज्या रेषेचा हिशेबात कुठेच वापर नव्हता, ती ब ते इ, कागदावर मोजली: १७ सेंटिमीटर, म्हणजे ८५ मीटर. रानात टेप लावला तर ८५ मीटर २० सेंटिमीटर. चार-पाच मीटरचा फरक आला असता तर कुठलीतरी बाजू चुकली असं समजून पुन्हा फिरलो असतो.

त्रिकोण निवडताना तो चपटा होणार नाही हे बघायचं. ६०, ३१ आणि ३० मीटरचा त्रिकोण १६५ चौरस मीटर भरतो. त्यातली ३० ची बाजू अर्धा मीटर जास्त मोजली गेली तर तोच २०२ होतो. आमच्या पहिल्या त्रिकोणात ६१ ऐवजी ६०.५ धरलं तरी जेमतेम ६ चौरस मीटर बदलतात.

ही मोजणी घरच्या हिशेबाची. बांधाचा वाद असेल तर ती चालत नाही, त्याला भूमी अभिलेखकडे पैसे भरून हद्द कायम मोजणीच करावी लागते. माझं काम बियाण्याचं होतं. एकरी ३० किलोच्या हिशेबाने या तुकड्याला २४ किलो पुरतं, तेवढंच तिफणीच्या चाड्यावर नेलं. रोटाव्हेटरवाल्यालाही कागद दाखवला. त्याने स्वतः दोन बाजू टेपने पडताळल्या आणि बत्तीस गुंठ्यांचे पैसे घेतले.