तुम्ही विचारलंत म्हणून : तासाला खरे किती सुटतात

“दादा, दिवसाला तेराशे-चौदाशेचा धंदा होतो म्हणता, मग सगळं जाऊन हातात तासाला खरे किती सुटतात? आणि लांबचा कॉल घ्यावा की जवळचा?”

माझ्या वहीप्रमाणे 56 रुपये. हा आकडा सांगितला की समोरचा माणूस गप्प होतो, किंवा मी काहीतरी लपवतो आहे असे त्याला वाटते. म्हणून तो कसा निघाला ते एका दिवसाच्या हिशेबाने सांगतो. मी पुण्यात मोटारसायकलवर पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. ॲपवर कॉल येतो, दुकानातून किंवा घरातून सामान उचलायचे, सांगितलेल्या पत्त्यावर द्यायचे आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा रोख पैसे हातात देते. या रोखीमुळेच पहिली चूक होते. नोटा पूर्ण रकमेच्या मिळतात, पण कमिशन नंतर ॲपमधल्या वॉलेटमधून वळते होते आणि वॉलेट उणे गेले की ते भरल्याशिवाय पुढचे कॉल येत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी खिशातले पैसे मोजून ‘आज एवढे कमावले’ म्हणणारा माणूस कंपनीचे पैसेही स्वतःच्या कमाईत मोजत असतो.

वहीतला एक साधारण दिवस घेऊ. त्या दिवशी चौदा कॉल झाले आणि गिऱ्हाइकांकडून 1,360 रुपये आले. माझ्या ॲपचे कमिशन वीस टक्के आहे, म्हणजे 272 रुपये गेले आणि 1,088 उरले. आता अंतर. चौदा कॉलचे मिळून ॲपने 86 किलोमीटर दाखवले, कारण ॲप उचलण्याच्या जागेपासून देण्याच्या जागेपर्यंतचेच अंतर मोजते. गाडीच्या मीटरवर मात्र 138 किलोमीटर पडले होते. मधले 52 किलोमीटर म्हणजे घरापासून पहिल्या कॉलपर्यंत, एक पार्सल देऊन दुसरे उचलायला, आणि रात्री घरी परत. या रिकाम्या फेऱ्यांचे भाडे कोणी देत नाही, पेट्रोल मात्र तेवढेच जळते. म्हणून मी सकाळी निघताना आणि रात्री गाडी लावताना मीटरचा फोटो काढतो आणि ॲपचे किलोमीटर हिशेबात धरत नाही.

पेट्रोलचा खर्च काढायला गाडीचे खरे ॲव्हरेज हवे, शोरूमवाल्याने सांगितलेले नव्हे. टाकी गच्च भरायची, मीटर लिहून ठेवायचे, तीन-चार दिवस नेहमीसारखे काम करायचे आणि त्याच पंपावर पुन्हा गच्च भरायची. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले, त्याने मधल्या किलोमीटरांना भागायचे. माझी गाडी पेठांच्या गर्दीत आणि सिग्नलवर थांबत-थांबत 46 देते. म्हणजे त्या दिवशी तीन लिटर पेट्रोल लागले आणि लिटरला 104 रुपयांच्या भावाने 312 रुपये झाले.

बहुतेक मुले इथेच थांबतात, कारण पेट्रोल रोज दिसते आणि गाडीची झीज दिसत नाही. ऑइल, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, क्लच प्लेट, हे सगळे एकदम हजार-दोन हजारांच्या बिलातून समोर येते आणि मग त्या महिन्याला ‘गाडीने खाल्ले’ असे म्हटले जाते. खरे तर ते रोज थोडे-थोडे गेलेले असते. गेल्या 30,000 किलोमीटरांत मी गॅरेजला आणि सुट्या भागांना मिळून सुमारे 15,000 रुपये दिले, म्हणजे किलोमीटरला पन्नास पैसे. शिवाय 90,000 रुपयांना घेतलेली गाडी एक लाख किलोमीटर चालल्यावर तीस हजारांना जाईल असे धरले, तर साठ हजारांची घट लाख किलोमीटरांवर वाटून किलोमीटरला साठ पैसे येतात. दोन्ही मिळून एक रुपया दहा पैसे, आणि 138 किलोमीटरांचे 152 रुपये. विमा आणि मोबाइलचे रिचार्ज वर्षाच्या कामाच्या दिवसांवर वाटून मी रोजचे वीस रुपये धरतो. आता 1,088 मधून 312, 152 आणि 20 वजा केले की 604 रुपये उरतात.

तास मोजताना सर्वांत मोठी फसगत होते. त्या दिवशी पार्सल गाडीवर असतानाचा वेळ जेमतेम सव्वाचार तास होता, आणि गिऱ्हाइकांनी दिलेल्या 1,360 ला त्याने भागले की तासाला तीनशेच्या वर आकडा येतो. तो ऐकायला छान वाटतो. पण मी सकाळी नऊला घर सोडले होते आणि रात्री साडेआठला परत आलो होतो. जेवणाची पाऊण तास सुट्टी, जेव्हा मी ॲप बंद ठेवले होते, ती सोडली तर पावणेअकरा तास मी त्या कामाचाच होतो. पुलाखाली गाडी लावून कॉलची वाट पाहणारा माणूस मोकळा नसतो. त्याला घरी जाता येत नाही, दुसरे काम धरता येत नाही आणि काही सेकंदांत कॉल उचलायचा असल्यामुळे फोन खिशात ठेवून डुलकीही काढता येत नाही. म्हणून 604 ला पावणेअकराने भागायचे, आणि 56 रुपये येतात.

आता लांबच्या आणि जवळच्या कॉलचे. एका कॉलचा वेळ मी कॉल वाजल्यापासून मोजत नाही, तर आधीचे पार्सल देऊन झाल्या क्षणापासून मोजतो, कारण मधली वाट पाहणे कुठल्या तरी कॉलच्या खाती पडलेच पाहिजे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून वाघोलीचा एक कॉल आला होता, 17 किलोमीटर, 210 रुपये. कॉल यायला नऊ मिनिटे लागली होती, दीड किलोमीटरवरच्या दुकानात पोहोचायला सहा मिनिटे गेली. दुकानात गेलो तर दिव्यांच्या पट्ट्यांची रिळे अजून काउंटरवर उघडीच होती. मुलगा खोके शोधून आणेपर्यंत, चिकटपट्टी लावेपर्यंत आणि बिल छापून होईपर्यंत चौदा मिनिटे गेली. पुढे रस्त्यात 55 मिनिटे आणि सोसायटीच्या गेटवर नोंद करून वर जाईपर्यंत सहा. वाघोलीत कॉल नव्हता, म्हणून आठ किलोमीटर रिकामे विमाननगरपर्यंत आलो, त्यात 25 मिनिटे गेली. एकूण 115 मिनिटे आणि साडेसव्वीस किलोमीटर.

पेट्रोल आणि झीज मिळून मला किलोमीटरला तीन रुपये छत्तीस पैसे पडतात, म्हणजे या फेरीचा खर्च 89 रुपये झाला. कमिशन जाऊन 168 उरले होते, त्यातून 89 गेले आणि हातात 79 राहिले. 115 मिनिटांना 79 म्हणजे तासाला 41 रुपये. त्याच आठवड्यात रविवार पेठेतून शिवाजीनगरचा तीन किलोमीटरचा, साठ रुपयांचा कॉल झाला होता. त्यात कमिशन बारा, गाडीचा खर्च तेरा आणि सगळा मिळून वेळ 34 मिनिटे होता. हातात 35 राहिले, म्हणजे तासाला 62 रुपये. मात्र यात दुकानातली थांबण्याची वेळ सहाच मिनिटे होती. ती वीस झाली असती, तर हाच कॉल 44 रुपयांवर आला असता. लहान कॉल आपोआप चांगला नसतो, त्याला थांबणे सोसत नाही.

लांबच्या कॉलचा सगळा हिशेब परतीवर ठरतो. वाघोलीतून लगेच कॉल मिळाला असता, तर रिकामे आठ किलोमीटर आणि 25 मिनिटे वाचली असती. हातात 106 राहिले असते आणि नव्वद मिनिटांना तासाचा दर 71 वर गेला असता. माझ्या वहीत अशा दहा फेऱ्यांपैकी तीनदा परतीचा कॉल मिळालेला आहे. इथे एक काळजी घ्यावी. 71 आणि 41 या दरांची सरासरी काढू नये, रुपयांची वेगळी आणि मिनिटांची वेगळी काढावी आणि मग भागाकार करावा, कारण रिकाम्या परतीची फेरी जास्त वेळ खाते. तसे केले की 87 रुपये आणि साधारण 107 मिनिटे येतात, म्हणजे तासाला 49. दिवसाच्या सरासरीपेक्षा तो कमीच आहे, आणि तोसुद्धा रोजचे वीस रुपये न धरता.

कॉल वाजत असताना एवढे गणित होत नाही. म्हणून मी दोनच गोष्टी डोक्यात ठेवतो. माझे एक मिनिट साधारण एका रुपयाचे आहे आणि एक रिकामा किलोमीटर सव्वासहा रुपयांचा आहे, कारण गाडीच्या खर्चात तीन मिनिटांचा वेळही मिळवावा लागतो. उचलायला दोन किलोमीटर जायचे असेल, तर भाड्यातून बारा रुपये आधीच गेले असे मी समजतो. आणि दुकानाच्या दारात पोहोचताच ‘पोहोचलो’ची पट्टी सरकवतो. माझ्या ॲपवर पहिली काही मिनिटे सोडून प्रतीक्षेचे पैसे लागतात आणि ती मिनिटे त्या क्षणापासून मोजली जातात. आत जाऊन, पार्सल हातात घेऊन मग पट्टी सरकवणाऱ्याचे थांबणे ॲपच्या लेखी झालेलेच नसते.

इन्सेंटिव्ह मी कुठल्या एका कॉलमध्ये मिळवत नाही, आठवड्याच्या बेरजेत धरतो आणि तो पूर्ण करायला जास्तीचे जे तास घालवले तेही त्याच बेरजेत घालतो. एका दिवसाच्या आकड्यावरही मी काही ठरवत नाही. पाऊस, सण किंवा गाडी पंक्चर होणे यांनी एक दिवस सहज फिरतो. निदान दोन आठवडे वही लिहावी, त्यातही चारच गोष्टी : आधीचे पार्सल कधी दिले, दुकानात कधी पोहोचलो, कधी निघालो, कधी दिले.

वाघोलीचे कॉल मी आता सकाळी अकराच्या आतच घेतो, कारण त्या वेळी तिकडच्या गोदामांतून शहराकडे पार्सले निघतात असे वहीत दिसले. संध्याकाळचे सोडून देतो. गेल्या महिन्यात दिवसाचा सरासरी धंदा 1,290 झाला, म्हणजे त्या दिवसापेक्षा सत्तर रुपये कमीच. पण मीटरवर 118 किलोमीटर पडले, काम पावणेदहा तासांत आटोपले, कमिशन, पेट्रोल, झीज आणि रोजचे वीस जाऊन 616 रुपये उरले, आणि तासाचा आकडा 63 आला.