आईची ठेव मोडायची की ठेवायची, हे ठरवताना केलेला तक्ता

फेब्रुवारी २०२३ मध्ये आईचा साताऱ्याहून फोन आला. बँकेत पासबुक भरायला गेली होती, तिथे फळ्यावर तीन वर्षांच्या ठेवीला ७ टक्के लिहिलेलं बघून आली. तिची स्वतःची ५ लाखांची ठेव बरोबर दोन वर्षांपूर्वी, व्याजदर अगदी तळाला असताना केलेली. पाच वर्षांसाठी ५.४ टक्के. मधल्या काळात, मे २०२२ पासून, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहावर नेला होता आणि ठेवींचे दरही त्यामागून चढले होते. "मोडून नवी करू का रे?" एवढाच तिचा प्रश्न होता.

धाकट्या भावाचं उत्तर तयार होतं: ठेव मोडायची नसते. माझंही तयार होतं: ७ म्हणजे ५.४ पेक्षा जास्त, त्यात विचार कसला. खरं तर आम्ही दोघांनीही आकडेमोड केली नव्हती.

आईने काउंटरवर विचारून ठेवलं होतं. मुदतीआधी मोडली तर ५.४ विसरायचे. ठेव जितका काळ राहिली त्या काळाचा, ती केली त्या दिवशी जो दर होता तो लागणार, म्हणजे दोन वर्षांचा ५.१, आणि त्यातून १ टक्का दंड वजा. हातात ४.१ टक्क्यांनी व्याज. तेव्हा प्रश्न "७ की ५.४" असा नव्हताच. नवी ठेव कमी रकमेवरून सुरू होऊन जास्त वेगाने वाढणार, जुनी जास्त रकमेवरून कमी वेगाने. नवी जुनीला गाठते कधी, आणि जुनीची मुदत संपायच्या आत गाठते का, हे बघायचं होतं. जुनीची तीन वर्षं उरली होती.

रविवारी सकाळी स्प्रेडशीट उघडली. वरच्या सेलमध्ये माहिती भरली: B1 मध्ये मुद्दल 500000, B2 मध्ये जुना दर 5.4%, B3 मध्ये मोडल्यावरचा 4.1%, B4 मध्ये नवा 7%, आणि B5 मध्ये झालेल्या तिमाह्या, 8. आपल्याकडे बँका ठेवीवरचं व्याज तिमाहीने मुद्दलात मिळवतात, म्हणून वर्षाऐवजी तिमाही धरली आणि दर चारने भागला. दर टाकताना टक्क्याची खूण विसरू नका. नुसते 5.4 टाकलेत तर शीट ५४० टक्के समजते आणि आई दोन वर्षांत कोट्यधीश होते.

मग आजच्या दोन किमती, B6 आणि B7 मध्ये:

```
=B1*(1+B2/4)^B5
=B1*(1+B3/4)^B5
```

`^` म्हणजे घात. `POWER` लिहिलं तरी तेच. कंस मात्र हवेतच. ते गाळले तर आधी चाराचा घात होतो, मग भागाकार, आणि उत्तर भलतंच येतं. पहिलीत ५,५६,६२२ आले, दुसरीत ५,४२,५०१. म्हणजे मोडल्या क्षणी १४,१२० रुपयांचा खड्डा. हा आकडा फोनवर सांगितल्यावर भाऊ म्हणाला, "बघ, मी काय म्हणत होतो!"

खाली दहाव्या ओळीपासून तक्ता मांडला. A मध्ये तिमाही, ० ते १२. B मध्ये जुनी ठेव, C मध्ये नवी, D मध्ये फरक. पहिल्या प्रयत्नात B10 मध्ये `=B6*(1+B2/4)^A10` लिहून खाली ओढलं. शून्याच्या ओळीत ५,५६,६२२ बरोबर आले. पुढच्या ओळीत ५,४८,०६२. त्यापुढच्या ओळीत सरळ शून्य. शून्य दिसलं म्हणून वाचलो, कारण मधला ५,४८,०६२ दिसायला अगदी सभ्य होता. ठेव वाढायच्या ऐवजी कमी कशी झाली, एवढाच त्यातला संशय. झालं असं की फॉर्म्युला एक ओळ खाली सरकला तसे त्यातले सेलही सरकले: B6 चा B7 झाला, B2 चा B3. त्याच्या पुढच्या ओळीत तो रिकाम्या B8 वर जाऊन बसला. जागेवर राहायला हवेत त्या सेलना डॉलरचा खिळा ठोकावा लागतो:

```
=$B$6*(1+$B$2/4)^A10
=$B$7*(1+$B$4/4)^A10
=C10-B10
```

A10 ला खिळा नाही, कारण तिमाही ओळीगणिक बदलायलाच हवी.

आता तक्ता बोलायला लागला. D मधला फरक उणे १४,१२० पासून हळूहळू वर यायला लागला. सहाव्या तिमाहीला जुनी ६,०३,२५७ आणि नवी ६,०२,०१५, म्हणजे नवी अजून १,२४२ ने मागे. सातव्या तिमाहीला जुनी ६,११,४०१ आणि नवी ६,१२,५५०; नवी १,१४९ ने पुढे. खूण बदलली ती या दोन ओळींच्या मध्ये. बाराव्या तिमाहीला, जुनीची मुदत संपते त्या दिवशी, जुनी ६,५३,८००, नवी ६,६८,०५८. म्हणजे १४,१२० घालवून शेवटी १४,२५७ पदरात.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दर बदलून बघायचे तर प्रत्येक वेळी तक्त्यात खूण कुठे बदलते हे शोधत बसायचं, याचा कंटाळा आला. गाठण्याची वेळ एका सेलमध्ये हवी होती. तिमाही बसली आहे घातात, आणि घातातली संख्या खाली उतरवायची तर लॉगरिदम लागतो. अकरावीनंतर त्याला हात लावला नव्हता, त्यामुळे कागदावर मांडलं. गाठण्याच्या क्षणी दोन्ही रकमा सारख्या. एका बाजूला रकमा, दुसऱ्या बाजूला वाढ नेली की उरतं असं: नवीचा तिमाहीचा गुणक १.०१७५, जुनीचा १.०१३५, त्यांचा भागाकार साधारण १.००३९५. म्हणजे नवी दर तिमाहीला जुनीच्या ०.३९५ टक्के जवळ येते. आणि तिला भरून काढायचंय अंतर किती? ५,५६,६२२ भागिले ५,४२,५०१, म्हणजे १.०२६, सुमारे २.६ टक्के. १.००३९५ चा कितवा घात १.०२६ होतो, एवढाच प्रश्न. दोन्हीकडे लॉग घेतला की घात खाली येतो आणि भागाकार उरतो.

हे डोक्यात बसलं आणि मी शीटमध्ये लिहिलं:

```
=LOG(B6/B7)/LN((1+B4/4)/(1+B2/4))
```

उत्तर 2.83. पावणेतीन तिमाह्यांच्या जरा पुढे, म्हणजे साडेआठ महिने. खूश होऊन आईला फोन लावणार होतो. नंबर काढता काढता नजर तक्त्याकडे गेली. तिसऱ्या तिमाहीच्या ओळीत जुनी ५,७९,४७० आणि नवी ५,७१,४८४. जवळपास आठ हजारांनी मागे! दोन्हींपैकी एक खोटं होतं, आणि तक्त्यात खोटं असायला जागा नव्हती. तो तर नुसता गुणाकार.

चूक शोधायला चहा संपेपर्यंत वेळ गेला. वर `LOG`, खाली `LN`. नुसतं `LOG` लिहिलं की स्प्रेडशीट पाया १० धरते, `LN` चा पाया e, म्हणजे २.७१८. वर आणि खाली एकच पाया असेल तर कुठलाही चालतो, भागाकारात तो निघून जातो. दोन वेगळे घेतले की उत्तर २.३०२६ पट चुकतं. चूक लक्षात येत नाही, कारण शीट तक्रार करत नाही. सुधारलं:

```
=LN(B6/B7)/LN((1+B4/4)/(1+B2/4))
```

आता 6.52. सहा आणि सातच्या मध्ये, तक्त्याशी जुळणारं. अंदाजासाठी तोंडी पण होतं: २.६ ला ०.३९५ ने भागलं की ६.६ च्या आसपास. पक्कं करायला एका रिकाम्या ओळीत A मध्ये ही 6.52328 टाकली, तर B आणि C दोन्हीकडे ६,०७,५०५ आले. वर्षांत सांगायचं तर चारने भागायचं, म्हणजे एक वर्ष साडेसात महिने. मात्र बँक व्याज मिळवते तिमाहीच्या शेवटी, त्यामुळे पावतीवर फरक दिसणार तो सातव्या तिमाहीलाच.

मग खेळ सुरू झाला. B4 मध्ये ५.४ टाकलं, म्हणजे नवा दर जुन्याइतकाच: `#DIV/0!`. बरोबरच आहे, सारख्या वेगाने धावणारा मागचा पुढच्याला गाठणार कसा. ५ टाकलं तर उत्तर उणे आलं. या रेषा पुढे कुठे भेटतच नाहीत, असा त्याचा अर्थ. खरी गंमत B5 मध्ये होती. ८ च्या जागी १६ टाकलं, म्हणजे ठेवीला चार वर्षं झालीत असं धरलं, तर गाठायला १३.०५ तिमाह्या. उरल्यात फक्त ४. तिथे भावाचं म्हणणं बरोबर ठरतं. कारण दंडाचा दर आजवरच्या सगळ्या काळाला लागतो, म्हणून जितका उशीर तितका खड्डा खोल आणि तो भरायला वेळ कमी. एक एक तिमाही वाढवत गेलो. हेच दर धरले तर ११ तिमाह्यांपर्यंत जेमतेम जमतं: गाठायला ८.९७, उरलेल्या ९. बाराव्याला गेलं.

आईला सांगितलं तेव्हा तिने एक प्रश्न विचारला, जो माझ्या तक्त्यात नव्हता. "आणि मध्येच पैसे लागले तर?" लागले तर नवी ठेवही मोडावी लागणार, तिलाही एक टक्का दंड, आणि दोन खड्डे एकावर एक. माझा 6.52 खरा होता तो पैशाला हात न लावण्याच्या अटीवर. तिने जरा विचार केला. दुखणंखुपणं आलं तर तिच्याकडे बचत खात्यात वेगळे होते, तेव्हा या पाच लाखांची गरज नाही, असं तीच म्हणाली. प्राप्तिकराचा हिशेब मी धरला नव्हता, कारण तिचं उत्पन्न तिथपर्यंत पोचत नाही. ज्याला कर लागतो त्याने करानंतरचे दर घालावेत.

मंगळवारी ठेव मोडली. हातात आलेली रक्कम माझ्या आकड्यापेक्षा काही रुपयांनी इकडेतिकडे होती, कारण बँक दिवस मोजते आणि मी तिमाह्या. नव्या पावतीच्या झेरॉक्सवर आईने मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं: सातवी तिमाही, नोव्हेंबर २०२४.

त्या नोव्हेंबरात तिचा फोन आला. मी विसरलो होतो, ती नव्हती.

"गाठलं का रे?"

शीट उघडून बघितलं आणि सांगितलं, "अकराशे एकोणपन्नासने पुढे गेली."

"मग तुझ्या भावाला तूच सांग," ती म्हणाली, "मी सांगितलं तर चिडेल."