दादाचं गृहकर्ज, विम्याचा तक्ता आणि तरीही उरलेली बाकी

माझा मोठा भाऊ जुलै २०२४ मध्ये हृदयविकाराने गेला. वय ४६. नाशिकमधल्या फ्लॅटचं कर्ज त्याच्या आणि वहिनीच्या नावावर होतं, एप्रिल २०२१ मध्ये घेतलेलं, २० वर्षांचं. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनीने मला एवढंच विचारलं, "भाऊजी, ह्यांनी कर्जाचा विमा काढलाय म्हणाले होते. मग आता हप्ता भरायचा की नाही?" या प्रश्नाचं नीट उत्तर मिळवताना जे कळलं ते इथे लिहितो, कारण आमच्या ओळखीतल्या कुणालाच ते धड माहीत नव्हतं.

मुळात कर्जदार गेला म्हणून कर्ज जात नाही. वहिनी सहकर्जदार असल्यामुळे सगळी बाकी कायद्याने तिच्यावर येत होती, अर्धी नाही. सहकर्जदार नसता तर बँक वारसांकडे आली असती, पण मयताकडून त्यांना जे मिळालं तेवढ्यापुरतीच. आणि फ्लॅट तर तारणच होता. विमा असेल तर तो ही बाकी फेडतो, पण तो आपोआप जागा होत नाही. दावा आपल्यालाच करावा लागतो.

पहिली अडचण म्हणजे विमा सापडेना. दादाच्या फाइलमध्ये पॉलिसी नव्हती. शाखेतल्या बाई म्हणाल्या, "सर, आमच्या सिस्टीमला इन्शुरन्स दिसत नाही." या विम्यात नेहमीसारखी पॉलिसी मिळतच नाही. बँक आणि विमा कंपनी यांच्यात एकच मोठी सामूहिक पॉलिसी असते आणि प्रत्येक कर्जदाराला फक्त विमा प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स, मिळतं. बरेचदा ते ईमेलवर येऊन पडतं. मी कर्जवाटपाचं पत्र काढलं. त्यात घरासाठी २९ लाख २० हजार आणि विम्याच्या हप्त्यापोटी ८० हजार, असे मिळून ३० लाख लिहिलेले होते. म्हणजे विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच घातलेला होता आणि त्यावरही व्याज चालू होतं. त्या एका ओळीवर बोट ठेवल्यावर शाखेने विमा कंपनीचं नाव शोधून दिलं आणि कंपनीने प्रमाणपत्राची प्रत पाठवली. तुमच्या घरी कर्ज असेल तर वाटपाच्या पत्रात अशी ओळ आहे का, ते बघा. 

कर्जाच्या हप्त्याबद्दलचं उत्तर असं, की दावा मंजूर होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत हप्ते चालूच ठेवायचे. आमचा हप्ता दादाच्या एकट्याच्या बचत खात्यातून कापला जात होता. बँकेला मृत्यूची सूचना दिली की ते खातं गोठतं आणि हप्ता परत जातो. तीन महिने थकले की खातं अनुत्पादित, म्हणजे बुडीत जाऊ शकणारं, ठरतं आणि मग तारण जप्त करून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. विमा येणार आहे एवढ्यावर ते थांबत नाही. म्हणून मृत्यूचा दाखला जमा करायच्या आधी वहिनीच्या खात्यावरून हप्ता कापायचं संमतीपत्र मी भरून घेतलं. हे केलं नसतं तर दंड लागला असता आणि सहकर्जदार म्हणून वहिनीचा सिबिल स्कोअरही घसरला असता.

दाव्याच्या कागदांत महापालिकेचा मृत्यू दाखला, रुग्णालयाचं शेवटचं समरी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फॉर्म, वहिनीची ओळखपत्रं आणि रद्द केलेला धनादेश, हे सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. वेगळा कागद एकच, आणि तो बँकेने द्यायचा असतो: मृत्यूच्या तारखेला कर्जाची बाकी किती होती, याचं सही-शिक्क्याचं विवरण. विमा कंपनी या विवरणावरून ठरवते की रकमेतून बँकेला किती द्यायचे आणि काही उरलं तर नॉमिनीला किती. नॉमिनी वहिनी होती, त्यामुळे जास्त आले तर तिला मिळतील, असं आम्ही धरून चाललो होतो. हिशेब नेमका उलटा निघाला.

बँकेच्या विवरणात बाकी होती सुमारे २८ लाख ८० हजार. विमा प्रमाणपत्राच्या मागच्या पानांवर महिन्यागणिक रकमांचा एक लांबलचक तक्ता होता. पहिल्या महिन्याला ३० लाख, मग हळूहळू उतरत जाणारे आकडे. मृत्यूच्या महिन्यासमोरचा आकडा होता सुमारे २७ लाख ४९ हजार. विमा कंपनी देणार होती ते एवढेच. मध्ये १ लाख ३१ हजारांचं अंतर. वहिनी घाबरलीच. तिला वाटलं, बँकेने काहीतरी लपवलंय. मी बँकेचा खातेउतारा आणि हा तक्ता शेजारी ठेवून एकेक महिना लावत गेलो तेव्हा कारण समजलं, आणि ते समजल्यावर राग येण्याऐवजी वाईट वाटलं, कारण हे दादालाही कुणी सांगितलेलं नसणार.

तक्ता विमा घेतला त्या दिवशी एकदाच बनतो. तेव्हाचा व्याजदर ७ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २३ हजार २५९. कर्ज याच वेगाने फिटत जाईल असं गृहीत धरून आकडे उतरत जातात. पण आमचं कर्ज बदलत्या दराचं होतं. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. दादाचा दर त्याच्यामागून साडेनऊपर्यंत चढला. बँकेने हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत लांबवली. तसा संदेशही त्याच्या मोबाइलवर आलेला होता. साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच पावणेतेवीस हजारांच्या वर जात होतं, म्हणजे २३ हजारांच्या हप्त्यातले मुद्दलात जायचे ते जेमतेम चारशे रुपये. उताऱ्यावर २०२३ च्या मेपासूनची ती एकाखाली एक चारशेची रांग मी पाहिली. तेव्हाही विम्याचा तक्ता मात्र दरमहा साडेसहा-सात हजारांनी खाली उतरतच होता. कर्ज जवळपास जागच्या जागी आणि संरक्षण घटत चाललेलं. दर असाच राहिला असता तर हे अंतर वर्षाला सत्तर-ऐंशी हजारांनी वाढत गेलं असतं.

या विम्यात रक्कम न घटणारा प्रकारही मिळतो. हप्ता जास्त पडतो, पण मृत्यूनंतर कर्जाची बाकी बँकेला आणि उरलेले नॉमिनीला जातात. दादाच्या पगाराला साधा टर्म विमाही परवडला असता. तो बँकेला बांधलेला नसतो आणि कर्ज दुसरीकडे नेलं तरी चालू राहतो. गृहकर्जासोबत विमा घेणं सक्तीचं नाही. पण विमा नसावाच, असं माझं मत अजिबात नाही. त्या ८० हजारांनी साडेसत्तावीस लाख फेडले. माझं म्हणणं एवढंच, की दर वाढल्याचा आणि मुदत लांबल्याचा संदेश आला की त्या दिवशी तक्ता काढून चालू बाकीशी ताडून बघावा. अंतर दिसलं तर कर्जाचा हप्ता थोडा वाढवून घ्यावा किंवा तेवढ्याचं वेगळं संरक्षण घ्यावं.

सहकर्जदारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट प्रमाणपत्रावर तपासावी लागते. आमच्यात विमा एकट्या दादाचा आणि पूर्ण रकमेचा होता. माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या घरी नवराबायकोत निम्मा-निम्मा विमा होता. तिथे नवरा गेल्यावर निम्मंच कर्ज फिटलं. आमच्यात उलट घडलं असतं, म्हणजे वहिनी गेली असती, तर एक रुपयाही मिळाला नसता, कारण तिचं नाव विम्यात नव्हतंच.

दावा दाखल झाल्यावर विमा कंपनीने गेल्या पाच वर्षांचे सगळे वैद्यकीय कागद मागितले. दादाला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि अर्जात ते लिहिलं होतं की नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. वहिनीची झोप उडाली. इथे विमा कायद्याचं, म्हणजे १९३८ च्या अधिनियमाचं, कलम ४५ कामाला आलं. जोखीम सुरू होऊन तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणावरून, अगदी माहिती लपवल्याच्या आरोपावरूनही, पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे असं आहे. प्रमाणपत्रावर जोखीम सुरू झाल्याची तारीख एप्रिल २०२१ ची होती आणि मृत्यू जुलै २०२४ मधला. तीन वर्षांची रेघ तीन महिन्यांनी ओलांडलेली. कागद आम्ही दिले, काहीही लपवलं नाही, पण सोबत दोन ओळींच्या पत्रात या दोन तारखा आणि कलमाचा उल्लेख केला. त्यानंतर चौकशी थांबली आणि दावा मंजूर झाला. तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर मात्र चौकशी होणार हे धरूनच चालावं आणि अर्जाची प्रत मागून घ्यावी. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.

२७ लाख ४९ हजार थेट कर्जखात्यात जमा झाले. उरलेले १ लाख ३० हजारांच्या आसपास वहिनीने दादाच्या भविष्यनिर्वाह निधीतून भरले. बदलत्या दराचं वैयक्तिक कर्ज असल्यामुळे मुदतपूर्व फेडीचा दंड लागला नाही.

मूळ कागद परत घेताना पुन्हा एक पायरी आली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ दस्त परत द्यायचे असतात, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कर्जदार मयत असेल तर वारसांना द्यायची पद्धतही बँकेने ठरवून ठेवायची असते. आमच्या शाखेने वारसांचं प्रतिज्ञापत्र मागितलं. त्यात वहिनी आणि मुलांबरोबर आमच्या आईचं नावही घालावं लागलं, कारण हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गाची वारस असते. नॉमिनी कोण, याचा त्याच्याशी संबंध नाही. आईने संमतीपत्रावर सही केली. दस्त मिळाले, त्यावर आम्ही प्रत्येक पान मोजून पोच दिली आणि सोबत ना-हरकत दाखला घेतला. मग सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतून बोजा उतरल्याची खातरी केली आणि त्या दाखल्याची प्रत सोसायटीला देऊन तिथल्या रजिस्टरमधलाही बोजा कमी करून घेतला. भाग दाखल्यावर वहिनीचं नाव चढवायचा अर्ज त्याच दिवशी दिला.