जुळलेली बाकी आणि चुकलेली नोंद

पुरवठादाराच्या मते आमच्याकडून 30,000 येणे होते आणि आमच्या खतावणीत त्याच्या खात्याची बाकी शून्य होती. दोन्ही बाजूंची माणसे आपापला खातेउतारा पुढे करून ठामपणे बोलत होती, आणि उताऱ्यांतील बेरजा-वजाबाक्यांत खरोखरच कुठेही खोट नव्हती. जुळवणीसाठी ते प्रकरण माझ्याकडे आले.

माल 1,00,000 चा आणि त्यावर 10 टक्के कर, म्हणून बिल 1,10,000 चे होते. मागणी नोंदवतानाच 30,000 आगाऊ दिले होते आणि ते ‘पुरवठादारांना दिलेली आगाऊ रक्कम’ या खात्यात योग्य रीतीने नावे पडले होते. बिलावर एकूण रकमेखाली ‘वजा आगाऊ रक्कम 30,000’ अशी ओळ होती आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत ‘देय बाकी 80,000’ असे छापले होते. बिल आल्यानंतर 40,000 चा एक हप्ता दिला गेला आणि काही काळाने 10,000 देऊन खाते मिटवण्यात आले.

फरक नेमका आगाऊ रकमेइतका असल्यामुळे मी प्रथम आगाऊ रकमेचे खाते उघडले, पण तेथे या पुरवठादाराचे शिल्लक काहीच नव्हते. मग मूळ बिलाची नोंद पाहिली आणि तिथे उलगडा झाला. नोंद करणाऱ्याने सर्वांत ठळक आकडा उचलून पुरवठादाराच्या खात्यात 80,000 जमा केले होते, कर 10,000 बरोबर नावे टाकला होता आणि उरलेले 70,000 खरेदी म्हणून दाखवले होते. म्हणजे आगाऊ रक्कम ही किमतीतली सूट असावी, तशी ती खरेदीतून वजा झाली होती.

ही चूक इतके दिवस टिकली, याचे कारण मला अजूनही अस्वस्थ करते. 40,000 चा हप्ता दिल्यावर खात्यात 40,000 देणे उरले, आणि प्रत्यक्षातले देणेही तेवढेच होते. त्या वेळी पुरवठादाराचा उतारा मागवला असता, तर तोही तंतोतंत जुळला असता. तेरीज तर जुळणारच होती, कारण नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्याच रकमेने कमी होत्या. केवळ बाकी पाहून तपासणी झाल्याची सही करण्याची आमच्याकडची पद्धत मला म्हणूनच अपुरी वाटते.

पुढे कालावधी संपताना दुसऱ्या सहकाऱ्याला आगाऊ रकमेच्या खात्यात 30,000 पडून असलेले दिसले. त्याने पुरवठादाराच्या खात्यात ते नावे टाकले आणि आगाऊ रकमेच्या खात्यात जमा केले. नियमाप्रमाणे ही नोंद योग्यच आहे आणि मी त्याला दोष देत नाही. पण बिल आधीच निव्वळ रकमेने चढलेले असल्याने तीच आगाऊ रक्कम दुसऱ्यांदा वजा झाली. देणे 40,000 वरून 10,000 वर आले, आणि तेवढेच देऊन आम्ही मोकळे झालो.

बिलाची नोंद नेहमी पूर्ण रकमेनेच व्हायला हवी, म्हणजे खरेदी 1,00,000 नावे, कर 10,000 नावे आणि पुरवठादार 1,10,000 जमा. त्यानंतर स्वतंत्र नोंदीने पुरवठादार 30,000 नावे आणि आगाऊ रक्कम 30,000 जमा. हप्त्याच्या वेळी पुरवठादार नावे आणि बँक जमा एवढेच. बिलावरची ‘देय बाकी’ ही बिल निघाले त्या दिवसापुरती माहिती असते. ती खात्याच्या अखेरच्या बाकीशी ताडून पाहायची, नोंदीत घ्यायची नाही. हप्त्यानंतर पुरवठादाराने 40,000 बाकी दाखवणारी नवी प्रत पाठवली, तरी तिच्यावरचा बिल क्रमांक जुनाच असतो आणि तिची पुन्हा नोंद होत नाही.

दुरुस्तीची नोंद एकच करावी लागली: खरेदी 30,000 नावे, पुरवठादार 30,000 जमा. आगाऊ रकमेला हात लावायचा नव्हता, कारण ते खाते आता बरोबर होते. पुरवठादाराचे म्हणणे खरे ठरले आणि त्याचे 30,000 देण्यासाठी मी शिफारस लिहिली. तो माल तोवर विकला गेला होता, त्यामुळे खरेदी कमी दिसल्याने तेवढाच नफा वाढून दिसत होता, हेही मी वरिष्ठांना कळवले.

अशी नोंद बाकीवरून सापडत नसली, तरी कराच्या प्रमाणावरून सापडते: 70,000 च्या खरेदीवर 10,000 कर 10 टक्क्यांच्या हिशेबात बसत नाही. आगाऊ रक्कम वजा केलेली सर्व बिले मी त्याच कसोटीवर तपासली, तेव्हा आणखी एक तसेच निघाले. त्याची आगाऊ रक्कम अजून वळती केलेली नव्हती, त्यामुळे ते बिल पूर्ण रकमेवर आणून वळतीची नोंद त्यानंतर केली.