खड्डा लांब, तडा आपल्या घरात

«नव्या इमारतीच्या बेसमेंटचा खड्डा आमच्या घरापासून ४० फूट लांब आहे. मधलं घर तर खड्ड्याला अगदी लागून, त्याला काही झालं नाही. मग तडे आमच्याच भिंतींना का? बिल्डरचा माणूस म्हणतो, तुमचं घरच जुनं आहे.»

जुनं घर आपोआप एका महिन्यात चिरत नाही. विटांच्या जुन्या भिंतीला वाकणं कमी सोसतं, हे खरं. पण तिला वाकवलं कोणी, ते आधी पाहू.

बेसमेंटसाठी माती काढली की बाहेरची माती आणि पाणी आतल्या मोकळ्या जागेकडे रेटा देतात. माती रोखायला कडेने जमिनीत उभे घातलेले खांब, म्हणजे शोअर पाइल, कितीही चांगले असले तरी थोडे आत झुकतात आणि मागची जमीन खाली बसते. हा परिणाम साधारण खड्ड्याच्या खोलीच्या दुपटीइतक्या अंतरापर्यंत जातो, मऊ चिखलात त्याहूनही पुढे.

हिशोब करून बघा. खड्डा ३० फूट खोल, म्हणजे परिणाम ६० फुटांपर्यंत. कडेला जमीन ३६ मिलिमीटर बसली आणि तिथून सरळ कमी होत ६० फुटांवर शून्यावर आली, असं धरू. (प्रत्यक्षात ही रेघ थोडी वक्र असते.) मधलं घर १० ते ३० फुटांच्या पट्ट्यात आहे. त्याची पुढची बाजू ३० मिलिमीटर खाली गेली, मागची १८. म्हणजे ते अख्खं घर खड्ड्याकडे कललं, पण वाकलं नाही. तुमचं घर ४० ते ८० फुटांत पसरलेलं आहे. पुढची बाजू १२ मिलिमीटर बसली, ६० फुटांपाशी काहीच नाही आणि मागचा अर्धा भाग जागच्या जागी राहिला. घर मधोमध मोडल्यासारखं वाकलं. २० फुटांत १२ मिलिमीटरचा फरक म्हणजे ५०० ला १, आणि विटांच्या भिंतीत तडे दिसू लागतात ते याच्याच आसपास. तेव्हा कमी बसूनही जास्त चिरलं ते तुमचंच घर. मधल्या घराला काही झालं नाही असंही समजू नका: त्यांच्या फरशीवर पाणी भरलेली लेव्हल ट्यूब धरली तर कल सापडेल.

भिंतही हेच सांगते. असा तडा वर रुंद आणि खाली निमुळता असतो, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघतो आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. नंतर वाढवलेल्या खोलीचा पाया उथळ असेल तर जोडावर उभी फट पडते. स्लॅबखालून आडवी, उन्हाळ्यात उघडणारी रेघ मात्र बहुतेक उन्हाची. गंजाचे डाग घेऊन सळईच्या रेषेत जाणारा तडा गंजाचा. त्यांचा दोष खड्ड्यावर टाकू नका, नाहीतर तुमचा खरा मुद्दाही कोणी ऐकणार नाही.

दुसरं कारण पाणी, आणि मुंबईच्या भरावाच्या, चिखलाच्या जमिनीत ते जास्त छळतं. खड्डा कोरडा ठेवायला पंप चालतात आणि आजूबाजूच्या भूजलाची पातळी उतरते. पातळी ३ मीटर उतरली की खालच्या मातीवर दर चौरस मीटरला साधारण ३ टनांचा जादा भार येतो, कारण तोवर पाणी उचलून धरत होतं ते वजन आता मातीच्या कणांवर पडतं. चिकणमाती हळूहळू, महिनोन्‌महिने दबत राहते. म्हणून खोदाई थांबल्यावरही तडे वाढतात. पंपातून गढूळ पाणी येत असेल तर ते जास्त गंभीर: पाइलांमधल्या फटींतून तुमच्या पायाखालची बारीक माती वाहून जात आहे. त्याच दिवशी लेखी कळवा. फटींत सिमेंटचा पातळ गारा दाबून, म्हणजे ग्राउटिंगने, त्या बंद करायला लावा.

तडा लगेच बुजवू नका. प्लास्टर खरवडून, तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीने पक्की बसवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली की हालचाल चालू आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, दर आठवड्याला त्याच जागी रुंदी मोजा आणि मोजपट्टी ठेवूनच फोटो काढा. १ मिलिमीटरपर्यंतचा तडा रंगकामात भरून निघतो. ५ च्या पुढे गेला, दार-खिडक्या अडकू लागल्या, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणा.

साइटवरून तीन आकडे तारखेसह मागा: पाइल किती झुकले, जमिनीवरच्या खुणा किती बसल्या, भूजलाची पातळी किती उतरली. खोदाई सुरू होण्याआधी घेतलेले तुमच्या घराचे फोटोही मागा. तुमच्या नोंदी आणि हे आकडे एकाच कागदावर तारखेप्रमाणे मांडा. खोदाईचा टप्पा खाली गेला त्या आठवड्यात तडा रुंदावलेला दिसला, तर पुढचा टप्पा थांबवून पाइलांना आधार वाढवा, असं म्हणायला तुमच्याकडे पुरावा आहे. भिंतींची दुरुस्ती बेसमेंटचे स्लॅब पडून, पंप बंद होऊन, काच दोन-तीन महिने शाबूत राहिल्यावरच करा.