कॅट की कॉट? दुसरीच्या पुस्तकासाठी फॉन्ट निवडताना

मी पुण्यात एका छोट्या प्रकाशनासाठी मुलांच्या पुस्तकांचं लेआउट करते. गेले काही महिने पहिली-दुसरीच्या मुलांसाठी द्विभाषिक वाचनपुस्तकं चालू आहेत, वर मराठी ओळ, मध्ये चित्र, खाली इंग्रजी ओळ. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण गावातल्या बऱ्याच पोरांना शाळेबाहेर इंग्रजी छापील अक्षर फारसं दिसतच नाही, दिसलं तर बिस्किटाच्या पुड्यावर, आणि तिथे कॅपिटलच जास्त. म्हणजे स्मॉल ए छापल्यावर कसा दिसतो हे त्यांना पहिल्यांदा आमच्या पुस्तकातून कळणार. फॉन्टच्या बाबतीत मी हटून बसते ते यासाठीच.

ज्यांनी कधी लक्ष दिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेपरात, मोबाईलवर, बहुतेक पुस्तकांत जो छापील स्मॉल ए असतो तो दोन मजली असतो, खाली पोट आणि वरून डावीकडे झुकलेला आकडा. जी पण काही फॉन्टमध्ये दोन मजली असतो, वर एक वाटोळं आणि खाली दुसरं बंद वाटोळं. आणि शाळेत चार रेघी वहीत मूल जे गिरवतं ते एक मजली, ए म्हणजे एक गोल आणि त्याला उजवीकडे चिकटलेली उभी रेघ, जी म्हणजे तसाच गोल आणि खाली डावीकडे वळलेली शेपटी. हाताने लिहितो एक आणि पुस्तकात दिसतं दुसरंच, असं होऊ नये म्हणून सुरुवातीच्या पुस्तकांना एक मजली अक्षरांचा फॉन्ट घ्यायचा, ही या कामातली जुनी रीत आहे. इंग्लंडमध्ये तर याच कारणासाठी नेहमीच्या फॉन्टच्या वेगळ्या 'इन्फंट' आवृत्त्या निघाल्या, गिल सान्सची आहे.

आमच्या ब्रीफमध्येही तेवढंच लिहिलं होतं, 'एक मजली ए आणि जी'. आमच्या डिझायनरने त्याप्रमाणे फ्युचुरा, सेंचुरी गॉथिकच्या वळणाचा एक भूमितीय फॉन्ट निवडला, कंपासने काढल्यासारखे गोल आणि सरळ काठ्या. फॉन्टचं नाव घेत नाही, पोस्टरला तो उत्तम आहे. पान फारच देखणं दिसत होतं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडलं. मला एकटीला तो ए खटकत होता पण नेमकं का ते तेव्हा सांगता येईना, म्हणून मी एवढंच म्हटलं की आधी खऱ्या कागदावर चार पानं छापू आणि एखाद्या शाळेत नेऊ. आमच्याकडे मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर पान बघून ओके करायची सवय आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. पुस्तक शेवटी मॅपलिथो कागदावर छापणार, मुलाच्या मांडीवर पडणार, वर्गातल्या अर्ध्या उजेडात वाचलं जाणार.

भोरच्या बाजूच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथल्या बाई फार समजूतदार, त्यांनी आधीच सांगितलं की ताई, तुम्ही मधे मधे बोलू नका, नुसतं ऐका. आमच्या लेखिकेने एका पानावर कॅट आणि कॉट हे शब्द मुद्दाम जवळ ठेवले होते, वाक्य होतं 'द कॅट इज ऑन द कॉट', आणि चित्रात खाटेवर मांजर. दुसरीतला एक मुलगा पुढे आला, अक्षरांखालून बोट सरकवत मोठ्याने वाचायला लागला, सी, ओ, टी, कॉट. मग इज ऑन द, आणि परत सी, ओ, टी, कॉट. कुठेही अडला नाही, बाईंकडे बघितलं नाही, पान उलटून पुढे गेला. चित्रात खाटही होती, त्यामुळे कॉट म्हटल्यावर त्याला काही चुकल्यासारखं वाटायचं कारणच नव्हतं.

त्यानंतर बाईंनी एका मुलीला आमच्या जुन्या पुस्तकातलं तेच वाक्य दिलं, त्यात साधा दोन मजली ए होता. ती पहिल्याच शब्दाला थांबली, बोट ए वर ठेवलं आणि विचारलं, "बाई, हे कुठलंय?" बाई म्हणाल्या, "ए आहे गं, पुस्तकातला ए असा असतो." ती 'हां' म्हणाली आणि पुढे नीट वाचलं, पुढच्या ओळीतला ए सुद्धा.

हे मी अजून डोक्यात घोळवते आहे. दोन मजली ए अनोळखी असतो, त्यामुळे मूल अडतं, पण अडतं म्हणून विचारतं. आणि वाईट काढलेला एक मजली ए ओळखीचाच वाटतो, फक्त ओळखीचा ओ वाटतो, आणि मूल चुकीचं वाचून निघून जातं, बाईंना चाळीस पोरांच्या गलक्यात ते कळणारही नाही. दोन मुलांवरून सिद्धांत मांडायचा नाही मला, पण त्या दिवशी इतरही काही मुलांनी त्या फॉन्टमध्ये ए चा ओ केला आणि जवळजवळ सगळ्यांनी तसाच, न अडखळता.

परत येऊन भिंग घेऊन बसले. त्या फॉन्टमध्ये ए चं पोट म्हणजे अक्षरशः ओ, तोच पूर्ण गोल, आणि उभी रेघ त्या गोलात जवळजवळ पूर्ण बुडालेली. ओ पासून ए वेगळा दिसतो तो फक्त उजवीकडे वर आणि खाली बाहेर आलेल्या दोन छोट्या कोपऱ्यांमुळे. स्क्रीनवर ते कोपरे धारदार दिसतात, पण मॅपलिथो हा कोटिंग नसलेला कागद, शाई त्यात थोडी पसरतेच, आणि पसरली की सगळ्यात आधी कोपरे गोल होतात. म्हणजे ज्या दोन ठिपक्यांएवढ्या जागेवर सगळा फरक उभा होता तीच जागा छपाईत गेली. शिवाय त्या फॉन्टमध्ये कॅपिटल आय आणि स्मॉल एल दोन्ही नुसत्या काठ्या, एकाशेजारी एक ठेवल्या तर मलाही सांगता येईना कुठली कुठली. ब्रीफमध्ये 'एक मजली' लिहिलं होतं आणि फॉन्ट एक मजली होताच, डिझायनरचं काहीच चुकलं नव्हतं, ब्रीफच अपुरं होतं.

मग मी बघायला लागले की चांगल्या एक मजली ए ला काय लागतं. पोट पूर्ण गोल नको, थोडं अंडाकृती किंवा एका बाजूला झुकलेलं हवं. पोट रेघेला मिळतं तिथे वर आणि खाली स्पष्ट खाच हवी, म्हणजे शाई थोडी भरली तरी खाच उरते. आणि रेघेच्या खाली बाहेर जाणारं छोटं वळण असेल तर फारच छान, हात जसा पुढच्या अक्षराकडे जातो तसं. हस्ताक्षरतज्ज्ञ रोझमेरी ससून यांनी मुलांबरोबर काम करून जे फॉन्ट केले त्यात हे शेवटचं वळण आहे आणि त्या वळणामुळे शब्द एकत्र बांधलेला दिसतो. मला ते फार आवडतात, पण लायसन्सचे पैसे आमच्या बजेटमध्ये बसत नव्हते.

कोणीतरी कॉमिक सान्स म्हटलं. लोक त्याला नावं ठेवतात पण अक्षरं बघा, ए आणि जी एक मजली, कॅपिटल आय ला वर-खाली आडव्या रेघा, शिक्षकांना तो का आवडतो ते मला समजतं. पण रेघ डळमळीत आहे आणि बावीस पॉइंटला ते फार जाणवतं. आमच्या डिझायनरची दुसरी सूचना होती इंटर हा फॉन्ट, त्यात `cv11` हे फीचर ऑन केलं की ए एक मजली होतो. आकार बरा आहे, मी थोडी वळलेही होते, पण आमची पुस्तकं नुसती छापून थांबत नाहीत, त्यातला मजकूर शिक्षकांसाठी वर्कशीट म्हणून वर्डमध्ये जातो, ई-बुकमध्ये जातो. तिकडे मजकूर कॉपी करून नेला की हे फीचर सोबत जात नाही, आणि ए गुपचूप परत दोन मजली होतो. करून बघितलं, झालाच. ज्या फॉन्टमध्ये एक मजली आकार हाच मूळ आकार आहे तोच घ्यायचा हे तिथे पक्कं झालं.

शेवटी अँडिका घेतला. एसआयएल या संस्थेने तो खास नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठी केला आहे, लायसन्स ओपन आहे, त्यामुळे शाळांना फॉन्टची फाईल सुद्धा देता येते. ए, जी मुळातच एक मजली, कॅपिटल आय ला आडव्या रेघा, एल ला खाली वळण. त्रासही आहे. ध्वनिचिन्हं एकावर एक बसावीत म्हणून त्यात उभी जागा खूप ठेवली आहे, त्यामुळे पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फ्रेममधली पहिली ओळ खाली सरकली आणि वरच्या चित्रापासून लांब गेली. उपाय सोपा आहे, टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये फर्स्ट बेसलाइन ऑफसेट 'असेंट' असतो तो 'फिक्स्ड' करायचा आणि आकडा आपण द्यायचा, पण हे ऑब्जेक्ट स्टाइलमध्ये घातलं नाही तर पानापानावर हाताने करत बसावं लागतं.

वरच्या मराठी ओळीचाही हाच प्रश्न आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मूल पाकळीवाला ल आणि देठवाला श गिरवतं, २००९ च्या शासन निर्णयातही तेच प्रमाण धरले आहेत, आणि पुस्तकात मात्र हिंदी वळणाचे ल, श येतात. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी आकार आत असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तरच बाहेर येतात. ऑपरेटर लोक 'हिंदी' ठेवून मोकळे होतात, प्रूफरीडरलाही दिसत नाही.

अँडिकातली चार पानं घेऊन परत त्याच शाळेत गेलो. कॉट वाचणारा मुलगा या वेळी पहिल्या शब्दाला क्षणभर थांबला आणि कॅट म्हणाला. त्याने आधीचं वाक्य ऐकलेलं होतं म्हणून बाईंनी नवीन शब्द दिले, हॅट आणि हॉट, पॅन आणि पेन, तेही बरोबर आले. बी आणि डी ची अदलाबदल मात्र तशीच राहिली, त्याला फॉन्ट पुरत नाही, तिथे गिरवणंच लागतं.

आता वाद तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे मालिकेतल्या पुढच्या, पुस्तकांवर अडला आहे. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाच्या सू वॉकर आणि लिंडा रेनल्ड्स यांनी मुलांवर हे तपासलं होतं, आणि मुलांना दोन्ही प्रकारचे आकार वाचताना फारसा फरक पडला नाही, एक आकार लिहायचा आणि एक छापायचा हे त्यांना माहीत होतं. आमच्या संपादक मॅडम हेच पुढे करून म्हणतात, की मग एवढी धडपड कशाला. माझं म्हणणं असं की त्या मुलांच्या आजूबाजूला इंग्रजी अक्षर पसरलेलं होतं, आमच्या मुलांना ते ओळखायला आपणच आणून द्यायचं आहे. पण कधीतरी द्यायचंच आहे हे त्यांचं बरोबर आहे, चौथीत गेल्यावर पोराला दोन मजली ए सगळीकडे भेटणार. मी असं सुचवलंय की तिसऱ्या पातळीतही गोष्ट अँडिकातच राहू दे, पण चित्रांतल्या पाट्या, दुकानाची नावं, बसवरची अक्षरं दोन मजली आकारात टाकू, आणि शिक्षकांच्या पानावर बाईंचं ते वाक्य छापू, 'पुस्तकातला ए असा असतो'. मॅडमना पूर्ण पुस्तकच दोन मजली हवंय. दोन्ही नमुने छापायला दिलेत, याच मॅपलिथोवर, आणि भोरच्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख दिली आहे.