परचेसचा माणूस गेला तरी काम टिकावं म्हणून : एका व्हेंडरचा अनुभव

भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या छोट्या मशीनशॉपचा धंदा बहुतेक वेळा ग्राहक कंपनीतल्या एकाच माणसावर उभा असतो. तो म्हणजे परचेस मॅनेजर. नव्या पार्टचं ड्रॉइंग तोच पाठवतो, रेट तोच ठरवतो, बिल अडकलं की फोनही त्यालाच जातो. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडचे साहेब नोकरी सोडून गेले आणि त्यानंतरही आमचं काम टिकलं. त्याची तयारी ते जाण्याच्या बरीच आधीपासून चालू होती. ती कशी केली, ते लिहितो.

माणूस गेला म्हणून दुसऱ्या दिवशी ऑर्डर बंद होत नाही. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, सिस्टिममध्ये असते, महिन्याचं शेड्यूल येत राहतं. त्यामुळेच बरेच जण गाफील राहतात. नव्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत वरच्यांना बचत दाखवायची असते. त्याच्या जुन्या कंपनीत चांगलं काम देणारा व्हेंडर त्याला माहीत असतो, म्हणून तो आपल्या पार्टचं कोटेशन तिथून मागवतो. पण ऑटो क्षेत्रात पार्ट एका जागेवरून दुसरीकडे हलवायचा तर नव्या व्हेंडरचे नमुने, मोजमापांचे रिपोर्ट, पीपॅपची, म्हणजे पार्टच्या मंजुरीच्या कागदपत्रांची फाइल आणि ग्राहकाच्या क्वालिटीची मंजुरी लागते. यात काही महिने जातात. तेवढा काळ आपल्याकडे सगळं आलबेल दिसतं. मग एका महिन्यात शेड्यूल पाव हिश्श्याने कमी येतं. गाडीची विक्री तीच असताना एकाच पार्टचं शेड्यूल उतरलं, तर दुसरा सोर्स सुरू झाला असं समजावं.

या मधल्या महिन्यांत आपल्या बाजूने बोलणारं कोणी आत असतं का, यावर पुढचं ठरतं. ‘बोलणारं’ म्हणजे वशिला नव्हे. ‘या पार्टला हात लावू नका, याचं रिजेक्शन शून्यावर आहे,’ असं क्वालिटीने म्हणणं किंवा ‘दुसरा सोर्स करा, पण शेड्यूलचा मोठा वाटा यांच्याकडेच ठेवा,’ असं प्लॅनिंगने म्हणणं.

या लोकांपर्यंत पोहोचायचं तर आधी परचेसच्या साहेबांनाच सांगावं लागतं. त्यांच्या मागून क्वालिटीत ओळखी वाढवल्या की ते दुखावतात, आणि त्यांचं खरंही असतं. मी त्यांना म्हणालो, ‘साहेब, रिजेक्शनचं आणि डिस्पॅचचं तुमच्यापर्यंत येण्याआधीच खाली मिटवतो. मेलवर तुम्हाला ठेवतो. रेटचं मात्र तुमच्याशिवाय कोणाशी बोलणार नाही.’ त्यांचे रोजचे निम्मे फोन वाचणार होते, त्यामुळे त्यांनी स्वतःच क्वालिटीच्या माणसाची गाठ घालून दिली. रेटचा तो शब्द मात्र काटेकोर पाळावा लागतो. क्वालिटीच्या माणसापाशी ‘या रेटला परवडत नाही’ एवढं जरी निघालं, तरी संध्याकाळपर्यंत ते परचेसच्या टेबलावर पोहोचतं.

सगळ्यात जास्त वेळ मी एसक्यूएला, म्हणजे व्हेंडरची क्वालिटी बघणाऱ्या इंजिनिअरला दिला. गप्पांना नव्हे, मोजमापाला. आमच्या एका बुशचं बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 एच7 होतं, म्हणजे व्यास 25.000 ते 25.021 मिमी. आमच्या बोअर गेजवर नग ओके आणि त्यांच्या सीएमएम या मोजणीच्या मशीनवर गोलाई बाद, असं वरचेवर व्हायचं. पातळ भिंतीचा नग तीन जबड्यांच्या चकमध्ये जास्त आवळला की बोअर तिथे गोल होतं आणि चक सोडल्यावर तीन बाजूंनी किंचित फुगल्यासारखं होतं. समोरासमोरच्या दोन टोकांवर मोजणारा गेज हा दोष दाखवतच नाही, कारण कुठेही फिरवला तरी व्यास जवळपास तोच येतो. सीएमएम भोवताली बरेच बिंदू घेतं, म्हणून ते पकडतं. हे कागदावर काढून आम्ही दोघांनी तोच एक नग दोन्हीकडे मोजला. किती खोलीवर मोजायचं, किती बिंदू घ्यायचे, नग किती वेळ थंड होऊ द्यायचा, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. चकला मऊ जबडे लावले, दाब कमी केला. ते पान पार्टच्या फाइलला लागलं. उद्या एसक्यूए बदलला तरी नव्याला ती फाइल उघडावी लागते आणि आपलं नाव त्याला तिथे भेटतं. माणसाशी झालेलं बोलणं कंपनीच्या कागदात उतरलं, तरच ते मागे उरतं.

प्लॅनिंगला माहिती हवी असते, तीही मागायच्या आधी. दर सोमवारी सकाळी आमच्याकडून तीन आकडे जातात : तयार माल किती, मशीनवर किती, बार स्टॉकमध्ये किती. मशीन बंद पडलं तर तासाभरात कळवायचं, दुरुस्त होईल या आशेवर थांबायचं नाही. दोन दिवस आधी कळलं तर तो माणूस लाइनवर दुसरं मॉडेल घेऊन वेळ मारून नेतो. त्याच दिवशी कळलं तर लाइन थांबते, आणि थांबलेल्या लाइनचा डेबिट, म्हणजे आपल्या बिलातून होणारी कपात, कोणाच्याच ओळखीने माफ होत नाही. स्टोअरचं काम त्या मानाने सोपं आहे. प्रत्येक बिनमध्ये ठरलेलेच नग, टॅग बाहेरून वाचता येईल असा, चलनावर पीओ नंबर. एवढं नीट असलं की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, वेळेत होतं. दिवाळीला मिठाईचा बॉक्स सगळेच देतात, त्यामुळे त्याने कोणी लक्षात राहत नाही. काही कंपन्या तर आता तो घेतही नाहीत.

अकाउंट्सशी बोलताना हातात कागद असावा लागतो. आमच्यासारख्या लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, दिले नाहीत तर आयकर कायद्याप्रमाणे ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ही तरतूद करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून लागू झाली. म्हणून आपण लघुउद्योग असल्याचं उद्यम प्रमाणपत्र परचेसकडे देऊन थांबू नये, अकाउंट्सला थेट द्यावं आणि व्हेंडर मास्टरमध्ये नोंद झाली का ते विचारावं. त्यांची दुसरी चिंता जीएसटीची. महिन्याच्या विक्रीचं आपलं विवरणपत्र, जीएसटीआर-1, पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत गेलं, तर 14 तारखेला निघणाऱ्या त्यांच्या 2बी मध्ये, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटच्या तक्त्यात, आपलं बिल दिसतं. बिल दिसलं नाही की बऱ्याच ठिकाणी पेमेंट रोखतात आणि परचेसला सांगतात की व्हेंडर बरोबर नाही.

हे सगळे फोन मी स्वतः करत नाही. आमचा इन्स्पेक्टर त्यांच्या क्वालिटीशी बोलतो, डिस्पॅचचा मुलगा स्टोअरशी, आमच्या अकाउंट्सच्या ताई त्यांच्या अकाउंट्सशी. नाहीतर त्यांच्याकडे पाच माणसं आणि आपल्याकडे एकटा मालक, असं होतं. यात धोका एवढाच की दोघे दोन वेगळ्या तारखा सांगतात. त्यासाठी ऑफिसात एकच वही आहे. डिस्पॅचची तारीख तिथे लिहिल्याशिवाय कोणी बाहेर सांगायची नाही.

आता साहेब जातात तेव्हाचं. त्यांच्याबरोबर सगळ्यात आधी जातात तोंडी कबुल्या. आमच्या याच बुशचा हिशेब बघा. 40 मिमीचा ईएन8 पोलादाचा बार, नगाला 620 ग्रॅम लागतो, तयार नग 350 ग्रॅम, उरलेला 270 ग्रॅम स्क्रॅप. बार किलोला 4 रुपयांनी वाढला म्हणजे नगाला 2.48 रुपये. स्क्रॅपचा भाव 2 रुपयांनी वाढला तर 54 पैसे वजा. निव्वळ वाढ 1.94. महिन्याला 12,000 नग धरले तर चार महिन्यांचे 93,120 रुपये. ‘पुढच्या क्वार्टरला पीओची अमेंडमेंट काढून एकदम देऊ,’ असं फोनवर झालेलं असतं. नव्या माणसाच्या सिस्टिममध्ये जुना रेट असतो आणि ‘कुठे लिहिलंय?’ या प्रश्नाला उत्तर नसतं.

म्हणून बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाकायचा : कोणता पार्ट, कोणत्या तारखेपासून, किती वाढ, हिशेबाचा तक्ता सोबत. प्रत परचेस हेडला आणि अकाउंट्सला. उत्तर आलं नाही तरी नोंद राहते. साहेबांच्या राजीनाम्याची कुणकुण परचेसपेक्षा प्लॅनिंगकडून लवकर लागते. ती लागली की उघडे विषय एका यादीत आणायचे (थकलेली रेटवाढ, टूलिंगचे उरलेले हप्ते, मंजुरीला अडकलेले नमुने) आणि त्यांच्या नोटीस पिरियडमध्येच, ते आणि हेड दोघे असताना, त्यावर बसायचं. शेवटच्या आठवड्यावर हे टाकू नये. तेव्हा त्यांचा लॉगिनही अर्धा बंद झालेला असतो.

नवीन माणसाला पहिल्या पंधरवड्यात एकदाच भेटायचं, अर्ध्या तासात उठायचं. एका पानावर आपले पार्ट, वर्षाची उलाढाल, रिजेक्शन, वेळेवर गेलेला माल, उघडे विषय. जुन्या साहेबांची स्तुती नको, तक्रार तर नकोच. आणि त्याने रेट कमी करायला सांगण्याआधी आपणच एक बचत पुढे ठेवायची. या बुशमध्ये बारमधून नग कापून वेगळा करणारं पार्टिंग टूल 4 मिमीऐवजी 3 मिमीचं घेतलं की नगाला 1 मिमी बार वाचतो, म्हणजे जवळपास 10 ग्रॅम. 12,000 नगांवर महिन्याला 120 किलोच्या आसपास. अरुंद टूल लवकर तुटतं, म्हणून फीड थोडा उतरवावा लागतो, सायकल टाइम वाढतो. तो धरून उरलेल्या फायद्यातला अर्धा त्याला द्यायचा. त्याला वर दाखवायला आकडा मिळतो आणि तो आपल्या पार्टवरचा असतो.

हे सगळं मोठ्या, खाती वेगळी असलेल्या कंपनीत चालतं. जिथे मालकच खरेदी करतो, मालकच बिल पास करतो, तिथे स्टोअर आणि अकाउंट्सशी कितीही चांगलं असलं तरी निर्णय एकाच डोक्यात होतो. अशा ग्राहकाकडे मी उधारी 30 दिवसांपुढे जाऊ देत नाही आणि त्याच्या एकट्यासाठी नवं मशीन घेत नाही.